व्यापकतेला बाधा येते, सर!

'दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, मग एकच करून दाखवली तर बिघडलं काय?' जबलपुरात गणित शिकवणाऱ्या मंडळींच्या एका बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा सवाल टाकला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. विषय होता उत्तरपत्रिकांत सर्रास आढळणाऱ्या एका वाक्याचा: 'व्यापकतेला बाधा न आणता समजा, a ≥ b ≥ c.' सरांचं म्हणणं असं की हा जाणत्यांमधला संकेत आहे. मोठमोठ्या ग्रंथांत तो कारण न देता येतो. तीन तासांच्या पेपरात विद्यार्थ्याने त्याचं समर्थन लिहीत बसावं अशी अपेक्षा ठेवणं ही कारकुनी झाली, आणि समर्थन नाही म्हणून गुण कापणं हा तर सरळ अन्याय.

गुण कापणाऱ्यांत मी आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. त्याच बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने अगदी दुसरं टोक गाठलं. एवढा घोळ होतो तर या वाक्यावर बंदीच घाला आणि सगळ्या शक्यता लिहायला लावा, असं त्यांचं मत. त्यांच्याकडेही येतो. पण सरांचा मान पहिला.

सर, एक प्रमेय सिद्ध करून दाखवतो. कुठल्याही तीन धन संख्या a, b, c घेतल्या तर a²b + b²c + c²a ही बेरीज ab² + bc² + ca² या बेरजेपेक्षा कधीही कमी नसते. सिद्धता: व्यापकतेला बाधा न आणता समजा, a ≥ b ≥ c. पहिल्या बेरजेतून दुसरी वजा केली की (a − b)(b − c)(a − c) उरतं. आपल्या गृहीतकामुळे यातला एकही कंस ऋण नाही, म्हणून गुणाकारही ऋण नाही. सिद्धता संपली. आता a = 1, b = 2, c = 3 घालून पाहा. पहिली बेरीज 2 + 12 + 9 म्हणजे 23, आणि दुसरी 4 + 18 + 3 म्हणजे 25. प्रमेय साफ खोटं आहे.

बीजगणितात कुठेही चूक नाही. चूक त्या पहिल्या वाक्यात आहे. ही बेरीज 'सारखी दिसते' हे खरं, पण कोणत्या अर्थाने सारखी? a च्या जागी b, b च्या जागी c आणि c च्या जागी a असं गोल फिरवलं तर ती बदलत नाही. नुसती a आणि b ची अदलाबदल केली तर मात्र बदलते. दोन्ही बेरजा एकमेकींच्या जागी जातात. तीन संख्यांचे लहान-मोठेपणाचे क्रम सहा. गोल फिरवून a ≥ b ≥ c या क्रमातून आणखी दोनच क्रम हाती लागतात. उरलेल्या तीन क्रमांबद्दल सिद्धता अवाक्षर काढत नाही, आणि 1, 2, 3 नेमके त्या तिघांतल्या एकात बसतात.

सर म्हणतील, हे उदाहरण मुद्दाम रचलेलं आहे, खोटं प्रमेय परीक्षेत कोण विचारतं? बरोबर. म्हणून खरं प्रमेय घेऊ, कारण खरा धोका तिथेच आहे. a, b, c ऋण नाहीत आणि त्यांची बेरीज 3 आहे, तर a²b + b²c + c²a हे 4 पेक्षा जास्त होत नाही, हे दाखवायचं. a = 2, b = 1, c = 0 घेतल्यावर बरोबर 4 येतात. हे विधान खरं आहे. विद्यार्थी सवयीने a ≥ b ≥ c लिहितो, पुढची आकडेमोड नीट करतो आणि 4 वर पोचतो. उत्तर बरोबर, सिद्धता अर्धी. इथे कुठलीही उदाहरणं घालून पाहिली तरी चूक सापडणार नाही, कारण विधान खरंच आहे. परीक्षकाने डोळे मिटून पूर्ण गुण दिले की ती चूक विद्यार्थ्याच्या हातात कायमची मुरते.

इथे काय लिहायला हवं होतं? बेरीज गोल फिरवता येते, म्हणून तिघांत जी संख्या मधली असेल तिला b हे नाव देता येतं. एवढंच. a मोठी की c मोठी, हे ठरवण्याचा अधिकार उरत नाही. आणि गंमत अशी की त्याची गरजही पडत नाही. b मधली असल्यामुळे (b − a)(b − c) हा गुणाकार शून्यापेक्षा जास्त नाही. त्याला c ने गुणून उलगडलं की b²c + c²a हे abc + bc² पेक्षा जास्त नाही असं मिळतं. म्हणजे आपली बेरीज b(a² + ac + c²) पेक्षा जास्त नाही, आणि म्हणून b(a + c)² पेक्षाही नाही. a + c म्हणजे 3 − b. आता 2b, 3 − b आणि 3 − b या तीन संख्यांची बेरीज 6, त्यांचा मध्य 2, म्हणून त्यांचा गुणाकार 8 पेक्षा जास्त नाही. अर्थात b(3 − b)² हे 4 पेक्षा जास्त नाही. ज्याने आपल्याला नक्की काय गृहीत धरता येतं याचा विचार केला, त्याला सिद्धता जवळजवळ आयती मिळाली. समर्थन लिहिण्याला कारकुनी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तेव्हा माझं म्हणणं स्वच्छ मांडतो. 'व्यापकतेला बाधा न आणता' हा संकेत नाही, ते एक छोटं प्रमेय आहे. ते सांगतं की वगळलेली प्रत्येक शक्यता एका ठरावीक बदलाने घेतलेल्या शक्यतेत आणता येते, आणि त्या बदलाने प्रश्नाचं गृहीतकही ढळत नाही आणि निष्कर्षही ढळत नाही. प्रमेय सोपं असेल तर सिद्धता एका ओळीची असेल. पण ती ओळ कुठली, हे लेखकाला ठाऊक हवं.

यापेक्षा खोल पाणी पाहायचं तर आपल्याच भागातल्या माणसाच्या विषयाकडे जावं लागेल. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म 1917 चा, सागरचा. श्रीखंडे नागपुरात शिकले, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राज चंद्र बोस यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली, आणि 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांहून जुनं अनुमान मोडीत काढलं. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली होती. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले, आणि 2020 मध्ये वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी वारले.

अनुमान लॅटिन चौरसांबद्दलचं. n ओळी आणि n स्तंभांच्या चौरसात 1 ते n हे आकडे असे भरायचे की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक आकडा एकदाच यावा. असे दोन चौरस एकावर एक ठेवले की प्रत्येक घरात आकड्यांची एक जोडी दिसते. सगळ्या n² जोड्या वेगवेगळ्या असतील तर त्या दोघांना ऑर्थोगोनल म्हणतात. तीनच्या चौरसांची ही जोडी पाहा:

```
1 2 3     1 2 3
2 3 1     3 1 2
3 1 2     2 3 1
```

डावीकडचा चौरस उजवीकडच्यावर ठेवा. पहिल्या ओळीत (1,1), (2,2), (3,3). दुसऱ्या ओळीत (2,3), (3,1), (1,2). तिसऱ्या ओळीत (3,2), (1,3), (2,1). नऊच्या नऊ वेगळ्या. ऑयलरला दोनसाठी अशी जोडी मिळेना, सहासाठी मिळेना, आणि त्याने अंदाज केला की 6, 10, 14, 18 अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येसाठी ती नसणार. बोस आणि श्रीखंड्यांनी 22 साठी जोडी बांधली, पार्करने 10 साठी, आणि मग तिघांनी मिळून दाखवलं की 2 आणि 6 सोडले तर अंदाज सर्वत्र चुकीचा आहे.

आता सरांच्या नियमाने चालू. एकाच लॅटिन चौरसाबद्दल बोलताना पुस्तकं बेधडक लिहितात: व्यापकतेला बाधा न आणता समजा, पहिली ओळ 1, 2, …, n अशी आहे आणि पहिला स्तंभही 1, 2, …, n असा आहे. हे बरोबर आहे, कारण स्तंभांची अदलाबदल करून पहिली ओळ क्रमाने लावता येते आणि मग पहिली ओळ तशीच ठेवून बाकीच्या ओळी हलवून पहिला स्तंभ लावता येतो. अशा चौरसाला 'रिड्यूस्ड' म्हणतात. आता जोडी घेऊ. दोन्ही चौरस सारखेच दिसतात, दोघांनाही तेच नियम, तेव्हा सरांच्या मते दोघेही रिड्यूस्ड समजायला हरकत काय?

हरकत अशी. दोघेही रिड्यूस्ड असतील तर पहिल्या ओळीच्या दुसऱ्या घरात दोन्हीकडे 2 आहे, म्हणून जोडी (2,2). दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरातही दोन्हीकडे 2, म्हणून पुन्हा (2,2). एक जोडी दोनदा आली, चौरस ऑर्थोगोनल नाहीत. म्हणजे या सिद्धतेनुसार 6 साठीच काय, 3 साठी, 4 साठी, कुठल्याच संख्येसाठी ऑर्थोगोनल जोडी नाही! ऑयलरचा अंदाज तर खरा ठरलाच, वर श्रीखंड्यांचं काम पाण्यात. आणि हे सगळं तीन ओळींत. वर छापलेली तीनची जोडी मात्र तुमच्यासमोर शांतपणे पडलेली आहे.

घोळ कुठे झाला? एकट्या चौरसाच्या ओळी हव्या तशा हलवता येतात. जोडीच्या ओळी हलवायच्या तर दोन्ही चौरसांत एकाच वेळी हलवाव्या लागतात, नाहीतर कुठल्या घरावर कुठलं घर बसतं हेच बदलतं. स्तंभांचंही तसंच. प्रत्येक चौरसात स्वतंत्रपणे करता येण्यासारखं एकच काम आहे, ते म्हणजे आकड्यांची नावं बदलणं. डावीकडे सगळे 1 आणि 2 आपसांत बदलले तरी जोड्या वेगळ्याच राहतात. म्हणून हिशेब असा. नावं बदलून दोघांच्याही पहिल्या ओळी 1, 2, …, n करता येतात. मग बाकीच्या ओळी, दोन्हीकडे एकदमच, अशा हलवता येतात की डावीकडच्या चौरसाचा पहिला स्तंभ क्रमाने लागेल. इथे उजवीकडच्या चौरसाचा पहिला स्तंभ जसा यायचा तसा येतो. त्याच्यासाठी काही उरलेलंच नाही.

सममिती ही खिशातल्या पैशांसारखी असते. प्रत्येक 'समजा' बरोबर काही खर्च होते, आणि पुढचं 'समजा' उरलेल्या रकमेतच भागवावं लागतं. सरांचा 'सारखं दिसतं' हा नियम पहिल्या खरेदीला ठीक आहे. तो दुसऱ्या खरेदीलाही पहिल्याचाच खिसा मोजतो, आणि म्हणून फसतो. माझ्या अनुभवात उत्तरपत्रिकांतल्या चुका बहुतेक अशाच असतात: पहिलं गृहीतक रास्त, दुसरं उसनवारीचं.

आणि उरलेलं नीट मोजलं तर तेही कमी नसतं. हे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण सरांच्या आणि तरुण सहकाऱ्यांच्या भांडणात ही बाजू कुणीच घेत नाही. दोन्ही पहिल्या ओळी क्रमाने आहेत, डावा पहिला स्तंभ क्रमाने आहे. उजवा पहिला स्तंभ वरून 1 ने सुरू होतो. त्याच्या k व्या ओळीत k असेल तर तिथे (k,k) ही जोडी येईल, पण ती पहिल्या ओळीच्या k व्या घरात आधीच आलेली आहे. म्हणून उजव्या स्तंभात 1 च्या खाली कुठलाच आकडा आपल्या क्रमांकाच्या जागी नाही. n = 2 असेल तर खाली एकच आकडा, 2, आणि त्याला जायला दुसरी जागाच नाही. झाली सिद्धता की दोनची जोडी नसते. ही मात्र खरी सिद्धता. n = 3 असेल तर उजवा स्तंभ 1, 3, 2 असाच यायला हवा, आणि वरच्या उदाहरणात तो तसाच आहे.

n = 6 साठी 2 ते 6 या पाच आकड्यांची अशी मांडणी हवी, की एकही आकडा स्वतःच्या जागी नसावा. अशा मांडण्या 44 आहेत. त्या 44 वेगवेगळ्या तपासायच्या का? नाही, कारण खिशात अजून काहीतरी आहे. 1 ला न हलवता 2 ते 6 यांचा कुठलाही एक क्रमबदल घ्या आणि तोच क्रमबदल ओळींना, स्तंभांना आणि दोन्ही चौरसांतल्या आकड्यांना एकदम लावा. j व्या स्तंभावर j होता. आता स्तंभही हलला आणि आकडाही तसाच हलला, म्हणून पहिल्या ओळी क्रमानेच राहतात. डावा स्तंभही त्याच कारणाने क्रमाने राहतो. उजव्या स्तंभाची मांडणी मात्र बदलते, पण तिचं फेऱ्यांचं स्वरूप बदलत नाही. 2 च्या ओळीत कोण, त्याच्या ओळीत कोण, असं पुढे पुढे गेलं की एकतर पाचही आकड्यांची एकच फेरी होते, नाहीतर तिघांची एक आणि दोघांची एक अशा दोन फेऱ्या होतात. एकट्याची फेरी होऊच शकत नाही. पहिल्या प्रकारच्या मांडण्या 24, दुसऱ्या प्रकारच्या 20. चव्वेचाळीस शक्यतांच्या जागी दोन. इथे 'व्यापकतेला बाधा न आणता समजा, उजवा स्तंभ 1, 3, 4, 5, 6, 2 आहे किंवा 1, 3, 4, 2, 6, 5 आहे' असं लिहिणारा विद्यार्थी मला भेटला तर मी त्याला घरी जेवायला बोलावीन. कारण हे वाक्य दिसण्यावरून लिहिता येत नाही. कुठला बदल कशावर लावला हे कळल्याशिवाय ते सुचतच नाही.

आता तरुण सहकाऱ्यांकडे वळतो. बंदी घाला म्हणता? सहाची जोडी नाही, हे फ्रान्सच्या गॅस्तों तारीने 1900 च्या सुमारास हाताने सिद्ध केलं. सहाचे लॅटिन चौरस एकूण 81,28,51,200. तुमच्या नियमाने तारीला हे सगळे एकेक करून तपासावे लागले असते. रिड्यूस्ड चौरस मात्र 9,408 च आहेत. रिड्यूस्ड चौरसच तपासले तर पुरे का होतं? चौरसाच्या ओळी-स्तंभ हलवले तर त्याच्या जोडीदाराच्याही ओळी-स्तंभ तसेच हलवायचे, आकड्यांची नावं बदलली तर जोडीदाराला हातही लावायचा नाही. जोडीदार असेल तर तो बदलानंतरही असतो. इथे रिड्यूस्ड एकालाच केलं आहे, दुसरा मागे ओढला जातो. वरच्या खोट्या सिद्धतेत आणि यात एवढाच फरक, पण सगळा फरक तोच. पुढे तारीने ओळी आणि स्तंभ आपसांत बदलण्याचीही मुभा घेऊन 17 कुळं केली आणि सतरा चौरस तपासले. बंदी घातली असती तर तारीची सिद्धता जन्मालाच आली नसती.

आणि एक पाऊल पुढे. जोडीदार असणं म्हणजे चौरसाची सगळी घरं n-n घरांच्या n गटांत अशी वाटता येणं, की प्रत्येक गटात प्रत्येक ओळ एकदा, प्रत्येक स्तंभ एकदा आणि प्रत्येक आकडा एकदा यावा. या व्याख्येत ओळ, स्तंभ आणि आकडा यांचा दर्जा एकच आहे. म्हणून आकड्यांना ओळींची भूमिका आणि ओळींना आकड्यांची दिली तरी जोडीदार असण्या-नसण्यात फरक पडत नाही. ही मुभाही घेतली की 17 च्या जागी 12 चौरस पुरतात. 'सारखे दिसतात' म्हणणाऱ्याला ही सममिती दिसणार नाही, कारण कागदावर ओळी आणि आकडे मुळीच सारखे दिसत नाहीत. ती दिसते कारण लिहिताना, व्याख्येतून.

सरांचा दुसरा आधार असा की मोठे लोक हे वाक्य कारण न देता लिहितात. मोठ्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, पण याच विषयात मोठे लोक भरपूर घसरले आहेत. ऑयलरच्या अंदाजाची सिद्धता मॅकनीशने 1922 मध्ये छापली. अंदाजच खोटा होता, तेव्हा सिद्धतेची गत काय सांगावी! सातच्या लॅटिन चौरसांची कुळं नॉर्टनने 1939 मध्ये मोजली, ती 146 भरली, आणि त्यांतून रिड्यूस्ड चौरस आले 1,69,27,968. साद नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने वेगळ्या वाटेने मोजले तर आले 1,69,42,080. फरक 14,112 चा. एक अख्खं कूळ नॉर्टनच्या यादीत नव्हतं, आणि 1951 मध्ये सादने ते दाखवून दिलं. 'उरलेले सगळे यांच्यातच येतात' हे वाक्य लिहिणं आणि ते खरं असणं यांत चौदा हजार चौरसांचं अंतर पडलं. मोठ्यांचं वाक्य आपण उचलतो, त्यामागचं काम उचलत नाही, आणि कधी कधी मोठ्यांकडेही ते काम पूर्ण झालेलं नसतं.

सर बैठकीत आणखी एक बोलले होते, तेही सोडून चालणार नाही: 'सममिती वस्तूत असते, डोळ्याला दिसते.' नाही, सर. सममिती प्रश्नात असते. त्यासाठी अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाकडे चला. शेतीच्या प्रयोगांची सांख्यिकी शिकणाऱ्याला लॅटिन चौरस शिकावा लागतो, पण तिथे तो वेगळ्या कामाचा आहे. चार वाणांचा गहू, चार ओळी, चार स्तंभ, सोळा वाफे. प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदा. चारचे रिड्यूस्ड चौरस चारच, एकूण चौरस 576. जोडीदार आहे का, असा प्रश्न असता तर चार पाहून काम भागलं असतं. शेतात मात्र कोपऱ्यातला वाफा हा कोपऱ्यातलाच वाफा असतो. आपल्याकडच्या हवेली पद्धतीच्या शेतात पावसाचं पाणी बांधांत अडवून रब्बीच्या पेरणीआधी सोडून देतात. अशा जमिनीत ओल सगळीकडे सारखी राहील याची खात्री कोण देणार? तिथे प्रत्येक वेळी रिड्यूस्ड चौरस वापरला तर पहिला वाण कायम वरच्या डाव्या कोपऱ्यात पडेल आणि पहिली ओळ कायम त्याच क्रमाने लागेल. म्हणून फिशर आणि येट्स यांनी पद्धत घालून दिली ती अशी की चारांतला एक रिड्यूस्ड चौरस चिठ्ठीने निवडायचा, मग सगळे स्तंभ आणि खालच्या तीन ओळी पुन्हा चिठ्ठीने हलवायच्या, म्हणजे 576 पैकी कुठलाही चौरस सारख्याच संधीने निघतो. वस्तू तीच, चौरस तेच. गणितज्ञ ज्या बदलांना 'काही फरक पडत नाही' म्हणून टाकून देतो, तेच बदल शेतकी संशोधकाला मुद्दाम परत आणावे लागतात. प्रश्न बदलला, सममिती गेली.

राहिला वेळेचा मुद्दा. तीन तासांत समर्थन लिहायला वेळ नाही म्हणतात. किती वेळ लागतो ते पाहू. 'राशी a, b, c गोल फिरवल्यावर बदलत नाही, म्हणून मधल्या संख्येला b म्हणू.' ही एक ओळ. 'दोन्ही चौरसांत आकड्यांची नावं स्वतंत्रपणे आणि ओळी एकत्र बदलता येतात, म्हणून दोन्ही पहिल्या ओळी आणि डावा पहिला स्तंभ क्रमाने घेऊ.' ही दीड ओळ. ज्या विद्यार्थ्याला बदल माहीत आहे, त्याला ही ओळ लिहायला अर्धं मिनिट पुरतं. ज्याला माहीत नाही, त्याला तीन तास दिले तरी ती लिहिता येणार नाही, आणि नेमकं हेच परीक्षेत तपासायचं असतं. जिथे राशी पूर्ण सममित आहे, जसं a² + b² + c² हे ab + bc + ca पेक्षा कमी नसतं, तिथे 'राशी सममित आहे' एवढे तीन शब्दही मला चालतात. मी पान भरून लिहा म्हणत नाही.

म्हणून यंदाही माझा नियम तोच राहील, आणि सरांनी वरिष्ठांकडे तक्रार केली तरी राहील. 'व्यापकतेला बाधा न आणता' लिहिलं आणि कुठल्या बदलाने बाधा येत नाही हे सांगितलं, तर पूर्ण गुण. सांगितलं नाही पण बदल खरोखरच उघड आहे, तर एक गुण कमी. बदल अस्तित्वातच नाही, तर पुढची आकडेमोड कितीही निर्दोष असो, त्या सिद्धतेला अर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळणार नाहीत. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी पाचचे दोन ऑर्थोगोनल चौरस घ्यावेत (ते असतात), दोन्ही रिड्यूस्ड करून आणावेत, आणि माझ्या टेबलावर ठेवावेत. गुण मी स्वतः वाढवून देईन.